वर्गणीदार ग्राहकाची 'आयुष्यभराची किंमत' कशी काढायची? सरासरीने माझा हिशेब चुकतोय का?

पेटीवाला_पुणे · १२ एप्रिल २०२५

नमस्कार मंडळी. आम्ही दोघं नवरा-बायको पुण्यातून ४ ते ८ वर्षांच्या मुलांसाठी दर महिन्याला एक पेटी पाठवतो. तिच्यात एक मराठी गोष्टीचं पुस्तक, एक हस्तकलेचं सामान आणि एक खेळ असतो. महिन्याची वर्गणी ₹४९९. छपाई, सामान, कुरियर आणि पेमेंट गेटवेचा कट वजा केला की एका पेटीमागे ₹१८० उरतात. नवीन ग्राहक आणायला जाहिरातीवर सरासरी ₹७०० जातात.

ग्राहक एकूण किती कमावून देतो हे काढायला बसलो. आजवर जे सोडून गेले त्या सगळ्यांची यादी घेतली, प्रत्येक जण किती महिने राहिला ते लिहिलं आणि सरासरी काढली. उत्तर आलं ३.२ महिने. ३.२ × १८० = ₹५७६. म्हणजे ₹७०० घालून ₹५७६ मिळवतोय. बायकोचं म्हणणं, जाहिराती आजच बंद करू.

पण मला एक गोष्ट कळत नाहीये. दर ग्राहकामागे सव्वाशे रुपयांचा तोटा असता तर खात्यातली शिल्लक कमी व्हायला हवी होती, आणि ती वर्षभर वाढते आहे. कुठलं तरी एक चुकतंय. कोणी हिशेब तपासून देईल का?

---

मंदार_के

तुमची पद्धत चुकली आहे. सरळ सूत्र आहे: १ भागिले मासिक गळती. महिन्याच्या सुरुवातीला किती ग्राहक होते आणि त्यातले किती गेले, एवढं सांगा. मी दोन सॉफ्टवेअर कंपन्यांत काम केलंय, दोन्हीकडे गुंतवणूकदारांना हाच आकडा दाखवायचे.

---

पेटीवाला_पुणे

मार्चच्या सुरुवातीला बरोबर १,००० चालू ग्राहक होते. त्यातल्या १२० जणांनी पुढचा हप्ता भरला नाही.

---

मंदार_के

म्हणजे गळती १२ टक्के. १ भागिले ०.१२ = ८.३ महिने. गुणिले १८० = ₹१,५००. ₹७०० घालून ₹१,५००, उत्तम धंदा आहे. जाहिराती दुप्पट करा.

---

जमाखर्च

मी पस्तीस वर्षं हिशेबाच्या वह्या तपासल्या. माझा अनुभव असा, की दोन-चार टोकाची माणसं सरासरी बिघडवतात. चार ग्राहक दोन-दोन वर्षं राहिले की सरासरी फुगते आणि माणूस त्यावर खर्च करून बसतो. सरासरी सोडा, मध्यक घ्या. निम्मे ग्राहक ज्याच्या आत जातात तो महिना धरा. तो आकडा फसवत नाही.

---

रेवा_सांख्यिकी

तिघांनीही वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं काढली आहेत, म्हणून ती जुळत नाहीत. मी विमा कंपनीत याच प्रकारचं काम करते, तर जरा सविस्तर लिहिते.

पेटीवाले, आधी तुमचे ३.२ महिने. रात्रभर चालणारी गाण्याची मैफल डोळ्यांसमोर आणा. दहा वाजता तुम्ही दारात उभे राहून बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला विचारताय, 'किती वेळ बसलात?' कोणी म्हणतं अर्धा तास, कोणी म्हणतं तास. त्याची सरासरी काढून तुम्ही ठरवलंत की लोक पाऊण तास गाणं ऐकतात. आत जे अजून बसलेत आणि पहाटेपर्यंत बसणार आहेत, त्यांना तुम्ही विचारलंच नाही. तुमच्या यादीत फक्त उठून गेलेले आहेत. जो जितका जास्त टिकणारा, तो यादीत येण्याची शक्यता तितकी कमी.

खात्यातली शिल्लक वाढते आहे ती या आत बसलेल्यांमुळे.

उलट चूकही करू नका. चालू ग्राहकांचे आजवरचे महिने घेऊन सगळ्यांची सरासरी काढली तरी ती कमीच येईल, कारण त्यांचं राहणं अजून संपलेलं नाही. गेल्या आठवड्यात आलेल्याला 'एक महिना राहिला' म्हणून मोजणं बरोबर नाही.

एक काम करा. एकाच महिन्यात आलेले ग्राहक घ्या, म्हणजे एक तुकडी, ज्याला कोहॉर्ट म्हणतात. त्यांच्यापैकी दुसरा हप्ता किती जणांनी भरला, तिसरा किती जणांनी, असं बारा महिन्यांपर्यंत मोजून इथे टाका. दिवाळीची किंवा कसल्या सवलतीची तुकडी नको, साधी घ्या.

---

पेटीवाला_पुणे

रात्री बसून काढलं. एप्रिल २०२४ मध्ये आलेले ४०० ग्राहक, सगळे पूर्ण किमतीला. पहिल्या हप्त्यापासून बाराव्यापर्यंत हप्ता भरणारे असे:

४००, २८८, २३२, १९८, १७४, १५७, १४३, १३१, १२३, ११५, १०९, १०३

मोजताना एक गोष्ट सापडली. वारज्याच्या एका सोसायटीतला एकच फ्लॅट नंबर दोन ओळींत होता. त्या ताईंनी फोन नंबर बदलला तेव्हा जुनं खातं बंद होऊन नवं उघडलं. माझ्या यादीत त्या एकदा 'पाच महिन्यांनी सोडून गेलेल्या' आणि एकदा 'नवीन' अशा होत्या. पत्ता जुळवून असे सात जण या तुकडीत सापडले, ते वरच्या आकड्यांत दुरुस्त केले आहेत.

---

रेवा_सांख्यिकी

हे फार चांगलं केलंत. अशा दुहेरी ओळी आयुष्य मधेच कापतात, त्यामुळे लांब राहणारा एक माणूस थोडंच राहिलेली दोन माणसं दिसतो.

आता तुमचे बारा आकडे फक्त बेरीज करा. एकूण २,१७३ हप्ते. भागिले ४०० म्हणजे माणशी ५.४३ हप्ते. गुणिले १८० म्हणजे ₹९७७. यात कुठलाही अंदाज नाही, सूत्र नाही. हे पैसे तुमच्या खात्यात जमा झालेले आहेत, आणि १०३ जण अजून हप्ता भरतायत.

याच तुकडीवर तुमची जुनी पद्धत लावते. गेलेले २९७. चालू असलेल्या १०३ जणांचे १,२३६ हप्ते २,१७३ मधून काढले की उरतात ९३७. ९३७ भागिले २९७ म्हणजे ३.१५ महिने, ₹५६७. त्याच कागदावरचे तेच लोक, एकीकडे ₹५६७ आणि दुसरीकडे हातात आलेले ₹९७७. तुमच्या शिल्लकीचं कोडं इथे सुटतं.

जाहिरातीचे ₹७०० कधी वसूल झाले तेही यातच आहे. ४०० ग्राहकांवर ₹२,८०,००० खर्च झाले, त्याला १८० ने भागलं की साधारण १,५५६ हप्ते लागतात. बेरीज करत जा: सहाव्या हप्त्यापर्यंत १,४४९ होतात, सातव्यापर्यंत १,५९२. म्हणजे सातव्या महिन्यात वसूल.

जमाखर्च काका, मध्यकाबद्दल. या तुकडीत चौथा हप्ता भरणारे १९८ आहेत, निम्म्याहून दोन कमी, म्हणजे मध्यक ३. मधला ग्राहक कसा वागतो हे सांगायला तो आकडा उत्तम आहे. पण इथे प्रश्न एकूण पैशांचा आहे. ४०० ला मध्यकाने गुणलं तर १,२०० हप्ते येतात, आणि प्रत्यक्षात २,१७३ जमा झालेत. टोकाची माणसं इथे बिघाड नाहीत, निम्म्याच्या जवळपास पैसा त्यांच्याकडूनच येतो. एकूण रकमेसाठी सरासरीच लागते, फक्त ती योग्य माणसांवर आणि पूर्ण मुदतीवर काढलेली हवी.

---

जमाखर्च

पटलं. बेरीज मी स्वतः पुन्हा करून पाहिली, २,१७३ बरोबर आहे. उधारीची वसुली आणि वर्गणी यांत फरक आहे हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. पण खर्चाच्या बाजूबद्दल माझं एक म्हणणं आहे, ते नंतर लिहितो.

---

मंदार_के

मग माझे ८.३ महिने बरोबरच निघाले ना? बारा महिन्यांत ५.४३ झालेत, पुढे अजून वाढतील.

---

रेवा_सांख्यिकी

मंदार, तुमचा आकडा खऱ्याच्या आसपास आला तरी त्यावर निर्णय घेता येत नाही. का ते दाखवते.

मार्चच्या १,००० ग्राहकांत समजा ३०० जण नुकतेच पहिला हप्ता भरलेले होते. या तुकडीत पहिल्या हप्त्यानंतर २८ टक्के जातात, त्या हिशेबाने ८४ जण गेले. उरलेले ७०० जुने, त्यातले ३६ गेले. मिळून १२०, तुमचे १२ टक्के.

आता पेटीवाल्यांनी तुमचं ऐकून जाहिराती दुप्पट केल्या, नवे ६०० आले. त्यातले १६८ जातील, जुन्यांतले ३६. १,३०० मध्ये २०४, म्हणजे १५.७ टक्के. तुमच्या सूत्राने आयुष्य ६.४ महिन्यांवर येतं. जाहिराती बंद केल्या तर फक्त जुने ७०० उरतात, गळती ५.१ टक्के, आयुष्य १९ महिन्यांच्या वर. एकाही ग्राहकाचं वागणं बदललेलं नाही, आणि आकडा ६.४ पासून १९ पर्यंत फिरला. तो ग्राहकांबद्दल काही सांगत नाही, त्या महिन्यात नव्या-जुन्यांचं मिश्रण काय होतं तेवढंच सांगतो. आणि धंदा बंद पडायच्या बेताला आला की तो सगळ्यात सुंदर दिसतो, ही त्यातली मोठी भीती.

दुसरी गोष्ट याहून खोल आहे. '१ भागिले गळती' हे सूत्र सगळ्यांची गळती सारखी असेल तरच खरं. समजा १,००० ग्राहकांत ५०० जण हौसेने आलेले आहेत, त्यांतले दर महिन्याला ३० टक्के जातात. ५०० जण मनापासून आलेले, त्यांतले ३ टक्के जातात. पहिल्या महिन्याची एकूण गळती १६.५ टक्के, सूत्र सांगतं ६ महिने. खरं काय? पहिले ५०० सरासरी ३.३ महिने राहतात, दुसरे ५०० सरासरी ३३.३ महिने. दोन्हींची सरासरी १८.३ महिने. तिप्पट फरक.

वर्षअखेर पाहिलं तर सरासरी गळतीने १,००० पैकी ११५ जण उरायला हवेत. प्रत्यक्षात ३५४ उरतात, आणि त्यातले ३४७ दुसऱ्या गटातले असतात. गळतीची सरासरी काढून ती उलटी करणं आणि प्रत्येकाचं आयुष्य काढून त्याची सरासरी घेणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

---

मंदार_के

१६.५ टक्क्यांचं उदाहरण मी शीटमध्ये महिन्यागणिक मांडून पाहिलं. ३५४ च आले. मी इतकी वर्षं हे सूत्र वापरतोय. एक मात्र विचारतो: पेटीवाल्यांच्या तुकडीत टिकण्याचं प्रमाण ७२ टक्क्यांपासून वाढत ९४-९५ टक्क्यांवर गेलंय. याचा अर्थ लोक जसजसे राहतात तसतशी त्यांना पेटीची गोडी लागते, असा नाही का होत?

---

रेवा_सांख्यिकी

तसंही असू शकतं, पण या आकड्यांवरून ते सिद्ध होत नाही. वरच्या उदाहरणात कोणालाही गोडी लागलेली नाही, ३० टक्केवाला शेवटपर्यंत ३० टक्केवालाच आहे. तरी एकूण टिकण्याचं प्रमाण ८३.५ वरून दुसऱ्या महिन्यात ८५.७ आणि तिसऱ्यात ८७.८ होतं. धान्य चाळताना बारीक खडे आधी गळतात आणि चाळणीत दाणे उरतात, दाणे काही चाळल्यामुळे मोठे झालेले नसतात. 'सहा महिने टिकवा, मग ग्राहक आपला' असं समजून सहा महिने सवलत देणारे धंदे मी पाहिले आहेत. सवलत संपली की तो खडा गळतो, सातव्या महिन्यात.

---

आकाश_सांगली

धागा वाचला. आमचा दुधाचा रतीब आहे, साधारण अडीचशे घरं. लोक मे महिन्यात गावाला गेले की दूध बंद करतात, जूनमध्ये परत सुरू करतात. काही जण सांगतच नाहीत, नुसते बंद होतात. आम्ही हीच बेरीज करायची का?

---

रेवा_सांख्यिकी

आकाश, तुमचा प्रश्न वेगळा आहे. पेटीवाल्यांकडे हप्ता आला नाही की ग्राहक गेला हे त्याच महिन्यात कळतं. तुमच्याकडे बंद असलेलं घर गेलंय की गावाला गेलंय हे दिसत नाही. महिन्याची आगाऊ वर्गणी घेत असाल तर ही पद्धत चालेल, रोजच्या हिशेबावर असाल तर नाही. निदान मे-जून सोडून, सलग दोन महिने बंद असलेलं घर 'गेलं' असं धरून बघा. त्यावर वेगळा धागा काढा, इथे गुंता होईल.

---

तिसवाडी

मी पणजीत एका पेमेंट कंपनीत आहे. इथे सगळे 'गेले, गेले' म्हणतायत, पण हप्ता न येणं आणि ग्राहकाने सोडणं एक नव्हे. ऑटोपेचा हप्ता जायच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना जाते, तो रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ती वाचून काही जण मुद्दाम रद्द करतात, ते खरे गेले. पण खात्यात पैसे नव्हते, कार्ड बदललं, बँकेने नाकारलं, अशांना कित्येकदा पेटी बंद झाल्याचा पत्ताही नसतो. पेटीवाले, तुमच्या गेटवेच्या रिपोर्टमध्ये नाकारण्याचं कारण लिहिलेलं असतं. पहिल्या हप्त्यानंतरचे ११२ जण तेवढे तपासा. आणि हप्त्याची तारीख काय ठेवली आहे?

---

पेटीवाला_पुणे

तारीख २८ होती, पेटी १ तारखेला निघावी म्हणून. आता तपासलं: ११२ पैकी १९ जणांचा हप्ता बँकेने नाकारलाय, १७ जणांच्या पुढे 'अपुरी शिल्लक' लिहिलंय. त्यातल्या एकालाही आम्ही फोन केला नव्हता. त्यांनी सोडलं असं आम्ही समजून चाललो.

---

तिसवाडी

२८ तारखेला पगारदार माणसाच्या खात्यात पैसे नसतात हो. ५ तारीख करा. आणि नाकारलेला हप्ता पंधरा दिवसांत लिंकवरून आला तर त्याला गळतीत धरू नका. ही मुदत एकदा ठरवा आणि मग सगळ्या तुकड्यांना तीच लावा. मधेच बदललीत तर आधीच्या आणि नंतरच्या तुकड्यांची तुलना निकामी होईल.

---

मंदार_के

आता पुढचं. बाराव्या महिन्यात १०३ जण उरलेत. हे पुढे किती राहतील ते कसं काढायचं? शेवटच्या महिन्यात १०९ पैकी ६ गेले, म्हणजे साडेपाच टक्के. तीच गळती पुढे धरू?

---

रेवा_सांख्यिकी

तीच धरली तर अंदाज कमी येईल, कारण चाळण अजून चालूच आहे. शिवाय १०९ मधले ६ हा आकडा लहान आहे, एखाद्या महिन्यात ९ गेले तर टक्का एकदम बदलतो.

पीटर फेडर आणि ब्रूस हार्डी यांनी २००७ मध्ये यासाठी एक सोपं प्रतिमान मांडलं. गृहीतक एवढंच: प्रत्येक ग्राहकाची दर महिन्याला सोडून जाण्याची शक्यता त्याच्यापुरती कायम असते, पण माणसागणिक वेगळी असते. ती माणसामाणसांत कशी पसरली आहे, हे दोन संख्यांनी सांगता येतं, अल्फा आणि बीटा. तुमच्या बारा आकड्यांना अल्फा ०.६३२ आणि बीटा १.६२४ चांगले बसतात. मग दर हप्त्याला किती टिकतील हे असं निघतं:

```python
def survival(a, b, n):
    s = [1.0]
    for t in range(1, n):
        s.append(s[-1] * (b + t - 1) / (a + b + t - 1))
    return s

s = survival(0.632, 1.624, 24)
print(180 * sum(s))
```

एक्सेलमध्येही होतं. एका स्तंभात प्रत्यक्ष ग्राहक, शेजारी या सूत्राने आलेले, आणि सॉल्व्हरने दोन्ही संख्या फिरवून फरक कमीत कमी करायचा. बारा आकडे असतील तर आधी फक्त पहिल्या सहांवर बसवा आणि बाकीचे सहा झाकून ठेवा. झाकलेल्या आकड्यांशी अंदाज जुळला तरच पुढच्या वर्षाचा अंदाज करण्यात अर्थ आहे.

२४ हप्त्यांपर्यंतची बेरीज माणशी ७.८ हप्ते येते, म्हणजे ₹१,४१० च्या आसपास. ३६ पर्यंत नेली तर ९.६ हप्ते, ₹१,७२५ च्या आसपास.

पण 'कायमची बेरीज' विचारू नका. अल्फा १ पेक्षा कमी असला की या प्रतिमानात सरासरी आयुष्य अनंत येतं. काही माणसांची गळती शून्याच्या इतकी जवळ धरली जाते की त्यांचे महिने संपतच नाहीत. म्हणून मुदत ठरवायची आणि तेवढ्याच मुदतीचा आकडा बोलायचा. मी पेटीवाल्यांना २४ महिने सुचवेन, कारण आपण डोळ्यांनी फक्त बारा महिने पाहिले आहेत, त्याच्या दुपटीपलीकडे जाणं धोक्याचं आहे.

---

अनघा_नाशिक

मी हिशेबातली नाही, मी ग्राहक आहे, दुसऱ्या एका पेटीची. माझा मुलगा साडेपाच वर्षांचा असताना सुरू केली, आठवा वाढदिवस झाला आणि बंद केली. एकही महिना चुकवला नाही, पेटी यायच्या दिवशी तो दारात बसून असायचा. शेवटच्या दोन महिन्यांत मात्र त्याने हस्तकलेचं पाकीट उघडलंच नाही, ते अजून कपाटात आहे. तुमच्या सगळ्या बोलण्यात मुलं मोठी होतात हे कुठेच आलं नाही. कितीही मनापासून आलेला ग्राहक असला तरी आठ वर्षांच्या पुढे तुम्ही त्याला काय पाठवणार?

---

रेवा_सांख्यिकी

अनघाताई, या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आक्षेप तुमचा आहे. प्रतिमानाचं गृहीतक असं की माणसाची शक्यता कायम राहते. तुमच्या मुलाची ती अडीच वर्षं शून्य होती आणि एका वाढदिवसाला पूर्ण झाली. बारा महिन्यांच्या आकड्यांत हे दिसूच शकत नाही, कारण बहुतेक मुलं अजून आठाच्या आतली आहेत. जे ग्राहक आपण सगळ्यात टिकाऊ धरतोय, तेच वयाच्या भिंतीवर एकदम थांबतील.

पेटीवाले, नोंदणीच्या वेळी जन्मतारीख घेता का?

---

पेटीवाला_पुणे

घेतो, वाढदिवसाचं कार्ड टाकायला. ४०० जणांचं येतानाचं वय काढलं. बरेचसे साडेचार ते साडेसहाच्या मधले, पण ६३ मुलं सात पूर्ण झालेली होती. त्यांना बारा महिन्यांहून जास्त मिळणारच नव्हते.

---

रेवा_सांख्यिकी

मग येतानाच्या वयाप्रमाणे तीन गट करा, आणि प्रत्येक मुलाची बेरीज त्याच्या आठव्या वाढदिवसाला थांबवा. ३६ महिन्यांचा माझा आकडा मी मागे घेते. २४ चाही थोडा खाली येईल, किती ते गट केल्यावर कळेल. सात वर्षांचं मूल आणणाऱ्या जाहिरातीवर ₹७०० घालायचे का, हा प्रश्न आता वेगळा विचारता येईल.

---

अनघा_नाशिक

आणि धाकटी भावंडं? मी मुलाची बंद केली आणि चार महिन्यांनी त्याच फोन नंबरवर मुलीची सुरू केली. मी नवीन ग्राहक की जुनी?

---

मंदार_के

जुनी. जाहिरातीचा खर्च शून्य आहे तुमच्यावर. घर हा ग्राहक धरायला हवा, मूल नव्हे.

---

रेवा_सांख्यिकी

पैशाच्या दृष्टीने घर बरोबर आहे. पण घर धरलं की मधले चार महिने काय समजायचे? आकाशच्या दुधासारखं होतं ते. मला याचं स्वच्छ उत्तर माहीत नाही. मी असती तर मुलागणिक हिशेब केला असता आणि धाकट्याचं येणं वेगळ्या ओळीत मोजलं असतं.

---

पेटीवाला_पुणे

दिवाळीच्या तुकडीचा हिशेब आता धीर करून मांडतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये 'पहिली पेटी ₹९९' अशी जाहिरात केली होती. ९०० जण आले, जाहिरातीचा खर्च माणशी फक्त ₹३५० पडला, म्हणून आम्ही खूश होतो. सहा हप्ते असे:

९००, ३८७, २८६, २३२, २००, १७८

पहिल्या पेटीवर १८० मिळण्याऐवजी आमचे २२० गेले. ९०० पेट्यांचे ₹१,९८,००० वजा. पुढच्या १,२८३ हप्त्यांचे ₹२,३०,९४० अधिक. सहा महिन्यांत हाती ₹३२,९४०, म्हणजे माणशी ₹३७. एप्रिलच्या तुकडीत सहा महिन्यांत माणशी ₹६५० मिळाले होते.

जाहिरातीचे ₹३,१५,००० वसूल व्हायला अजून सुमारे १,५६७ हप्ते हवेत. १७८ पैकी यापुढे एकही गेला नाही तरी नऊ महिने लागतील, आणि जाणारे जाणारच.

म्हणजे दोन्ही तुकड्या एकत्र करून काढलेली माझी पहिली सरासरी चांगल्या जाहिरातीला वाईट ठरवत होती आणि वाईट जाहिरातीला झाकत होती.

---

जमाखर्च

आता माझं खर्चाबद्दलचं म्हणणं. ₹७०० हीसुद्धा सरासरीच आहे. पहिले शंभर ग्राहक ओळखीतून, पालकांच्या ग्रुपमधून, ₹३०० ला आले असतील. शेवटचे शंभर ₹१,१०० ला पडले असतील. जाहिरात वाढवायची की नाही हे ठरवताना शेवटच्या शंभराचा भाव बघायचा, सगळ्यांचा नाही. दुसरं, ₹१८० मधून गोदामाचं भाडं आणि पेट्या भरणाऱ्या मुलींचा पगार वजा केलाय का? तो ग्राहकांबरोबर टप्प्याटप्प्याने वाढतो. दीड हजार पेट्या झाल्या की दुसरी खोली लागेल.

---

रेवा_सांख्यिकी

काका, ₹७०० बद्दल शंभर टक्के बरोबर. पेटीवाले, जाहिरातीचं बजेट ज्या ज्या महिन्यात वाढवलंत, त्या महिन्यात वाढलेला खर्च आणि वाढलेले ग्राहक एवढंच भागून बघा. भाड्याबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. ते एका ग्राहकाच्या किमतीत न घालता धंद्याच्या एकूण हिशेबात वेगळं ठेवावं, नाहीतर दर महिन्याला ग्राहकाची किंमत भाड्यामुळे हलेल.

---

जमाखर्च

यावर आपलं एकमत होणार नाही. भाडं कोणीतरी भरायचंच आहे.

---

पेटीवाला_पुणे · २१ एप्रिल २०२५

बायकोला सगळा धागा वाचून दाखवला. जाहिराती बंद करत नाही आणि दुप्पटही करत नाही. ₹९९ ची योजना थांबवली. हप्त्याची तारीख ५ केली. नाकारलेल्या हप्त्यांपैकी एप्रिलच्या तुकडीतले १९ जण सोडून, गेल्या दोन महिन्यांतल्या ३१ जणांना दोन दिवसांत फोन केले. १४ जणांना पेटी बंद झाल्याचं माहीतच नव्हतं, ९ जणांनी तिथल्या तिथे हप्ता भरला.

बजेट आम्ही जानेवारीत ₹१,४०,००० वरून ₹२,१०,००० केलं होतं. नवे ग्राहक २०० वरून २६४ झाले. वाढीव ₹७०,००० भागिले ६४, म्हणजे ₹१,०९४. काकांचा अंदाज ₹१,१०० होता.

वयाचे गट या आठवड्यात करतो. सात वर्षांच्या वरच्या मुलांसाठी बायकोने एक वेगळा पर्याय सुचवलाय, सहा पेट्यांचा एकरकमी संच. त्यात मासिक गळतीच नसेल, मग त्याचा हिशेब कसा करायचा?

---

रेवा_सांख्यिकी

एकरकमीवाले या तक्त्यात मिसळू नका, सहा महिने शून्य गळती दिसेल आणि सातव्यात कडा कोसळेल. त्यांचा वेगळा तक्ता करा आणि एकच प्रश्न विचारा: दुसरा संच किती जणांनी घेतला. पहिलं उत्तर मिळायला सहा महिने थांबावं लागेल, तोवर कुठलाही आकडा धरू नका.